परिषद संपते, पत्ता उरतो

परिषदेची वेबसाइट करायची ठरली की आयोजकांच्या पहिल्या बैठकीत रंग, बोधचिन्ह आणि तिकिटाचं बटण यांवरच वेळ जातो. परिषद आटोपल्यावर या पानांचं काय होणार, हा प्रश्न सहसा शेवटी निघतो. तो पहिल्याच बैठकीत निघायला हवा, कारण बाकीचे बरेच निर्णय त्याच्या उत्तरावर ठरतात.

वर्डप्रेस वापरणाऱ्यांच्या ‘वर्डकॅम्प’ परिषदा यासाठी पाहण्याजोग्या आहेत. पहिला वर्डकॅम्प 2006 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला झाला. पुढे पुणे-मुंबईसह जगभरच्या शहरांत तो भरू लागला. शहर कुठलंही असो, वेबसाइट एकाच मुख्य डोमेनवर असते आणि पुढच्या वर्षीची साइट आधीच्या वर्षीचं काही पुसत नाही. पत्त्याची रचना मध्यंतरी बदलली:

```
2019.pune.wordcamp.org
pune.wordcamp.org/2019/
```

वरचा पत्ता जुन्या पद्धतीचा, खालचा नव्या. अशा बदलात जुन्या पत्त्यावर आलेला वाचक आपोआप नव्या पत्त्यावर पोचेल, अशी सोय करावी लागते. ती केली नाही, तर एखाद्या वक्त्याने आपल्या परिचयपत्रात दिलेली लिंक एका रात्रीत मरते. दरवर्षी नवं डोमेन घेणाऱ्या परिषदांचं याहून वाईट होतं. वर्ष सरतं, नूतनीकरणाचं बिल भरायला कोणी उरत नाही, आणि तो पत्ता कुणा परक्याच्या हाती जाऊ शकतो.

एकेका व्याख्यानाच्या पानालाही हेच लागू आहे. त्याच्या पत्त्यात सभागृहाचं नाव किंवा वेळ घालू नये, कारण नेमक्या याच गोष्टी आदल्या रात्रीपर्यंत बदलत असतात. विषयावरून केलेलं छोटं नाव पुरतं.

वेळापत्रकाचा घोळ बहुधा एकाच कारणाने होतो: तीच माहिती तीन ठिकाणी हाताने लिहिलेली असते. वक्त्याच्या पानावर अकरा, वेळापत्रकात साडेअकरा आणि छापील पत्रकात तिसरंच काही. वर्डकॅम्पच्या व्यवस्थेत प्रत्येक व्याख्यानाची एक स्वतंत्र नोंद असते. तिच्यात दिवस, वेळ आणि दालन भरायचं आणि ती वक्त्याच्या नोंदीला जोडायची. वेळापत्रकाचा तक्ता या नोंदींतूनच तयार होतो. वेळ एका जागी बदलली की तक्त्यातही बदलते. पुढे व्हिडिओ आणि सादरीकरणाची फाइलही त्याच नोंदीला जोडता येते. म्हणजे संग्रहाची निम्मी तयारी आधीच झालेली असते. साधा गूगल शीट वापरणाऱ्या लहान परिषदेलाही हे जमतं, फक्त मूळ यादी एकच हवी.

तिकिटांचं गणित मात्र सावकाश समजून घ्यावं असं आहे. समजा, सभागृहात 300 खुर्च्या आहेत आणि वक्ते व स्वयंसेवकांसाठी 40 राखून ठेवल्या. उरल्या 260. आता सवलतीची 100 आणि नियमित 160 असे दोन वेगळे साठे केले आणि सवलतीची मुदत संपेपर्यंत 70 च तिकिटं गेली, तर 30 खुर्च्या कुणाच्याच नजरेत राहत नाहीत. जर्मनीत तयार झालेल्या प्रीटिक्स या मुक्तस्रोत तिकीटप्रणालीत किंमत आणि जागा वेगळ्या ठेवता येतात. दोन्ही तिकिटं 260 च्या एकाच कोट्याला जोडायची आणि सवलतीच्या तिकिटाला 100 चा आणखी एक कोटा लावायचा. मग सवलत संपली की उरलेल्या 190 जागा आपोआप नियमित दराने विकल्या जातात.

दुसरी अडचण पैशांची. यूपीआयने रक्कम जाते, तेवढ्यात ग्राहकाचा फोन बंद पडतो आणि साइटवर परत कोणी येतच नाही. म्हणून ग्राहक परत येण्याची वाट न पाहता पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून थेट येणाऱ्या संदेशावर तिकीट पक्कं करावं लागतं. तो संदेश दोनदाही येऊ शकतो. नोंद ऑर्डर क्रमांकावर झाली नाही, तर एकाच पैशात दोन तिकिटं निघतात. रक्कम येईपर्यंत जागा थोडा वेळ अडवून ठेवायची असते. प्रीटिक्समध्ये ही मुदत मुळात 30 मिनिटांची ठेवलेली आहे.

परिषद संपली की साइट गोठवायची. नोंदणीचा फॉर्म, लॉगइन आणि शोधयंत्रणा काढून उरलेल्या पानांच्या साध्या एचटीएमएल प्रती करून ठेवल्या की त्यांना डेटाबेस लागत नाही, सुरक्षेसाठी अद्ययावत करत बसावं लागत नाही आणि होस्टिंगचा खर्चही नगण्य होतो. ‘येत्या शनिवारी भेटू’ अशी वाक्यं बदलून तिथे पूर्ण तारीख घालावी. वक्त्यांच्या वैयक्तिक ड्राइव्हवरच्या सादरीकरणांची पीडीएफ प्रत साइटवरच ठेवावी, कारण त्या लिंका सर्वांत आधी तुटतात. मात्र त्यासाठीची वक्त्याची संमती प्रस्तावाच्या फॉर्मवरच घेतलेली असावी. नंतर पन्नास जणांना पत्रं लिहिली तर सगळ्यांची उत्तरं येत नाहीत. श्रोत्यांचे फोन क्रमांक, जेवणाची पसंती, टी-शर्टचं माप ही माहिती संग्रहात जाऊ नये. हिशेबासाठी लागतील तेवढ्या पावत्या वेगळ्या ठेवून बाकी यादी पुसून टाकावी, आणि ती पुसण्याची तारीख नोंदणीच्या पानावर सुरुवातीपासून लिहिलेली असावी.