चौऱ्याण्णवचा आकडा

तपकीर गल्लीत मी गेले होते एका चार्जरसाठी. बुधवार पेठेतल्या या गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. त्यातल्या एका दुकानात, आतल्या फळीवर, राउटरची एक रांग दिसली. प्रत्येक डब्याला रबरबँडनं एक चिठ्ठी बांधलेली होती. तीन चिठ्ठ्यांवर एकच वाक्य होतं: ‘अपडेट करताना लाईट गेली.’ चौथीवर: ‘अपडेटनंतर स्लो.’

चार्जर घेऊन घरी आले, पण त्या चिठ्ठ्या डोक्यातून जाईनात. माझ्या राउटरच्या पानावरही कित्येक महिने ‘नवीन आवृत्ती उपलब्ध’ असं दिसत होतं आणि भीतीपोटी मी ते बटण दाबत नव्हते. पुढच्या आठवड्यात परत गेले आणि दुरुस्तीच्या टेबलावरच्या दादांना विचारलं, दिवसभर शेजारी बसू का? ते म्हणाले, “बसा की ताई. फक्त टेबलावरच्या कशाला हात लावू नका.”

टेबलावर सोल्डरिंगच्या पेस्टचा वास होता, राळ जळल्यासारखा, थोडा गोड आणि थोडा घशाला लागणारा. आजही राउटरकडे पाहिलं की तो वास आठवतो.

दादांनी लाईट गेलेल्यांपैकी एक डबा उघडला आणि भिंगाखाली आठ पायांची एक काळी चिप दाखवली. तुरीच्या डाळीएवढी असेल. तिच्यावर 25Q128 असं कोरलेलं. १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइट. राउटरला जे काही येतं ते सगळं एवढ्याशा जागेत लिहिलेलं असतं, आणि त्यालाच फर्मवेअर म्हणतात. अपडेट करताना जुना मजकूर तुकड्या-तुकड्यानं पुसला जातो आणि त्या जागी नवा लिहिला जातो. मधेच वीज गेली, तर अर्धं नवं आणि अर्धं पुसलेलं अशी अवस्था होते. डबा सुरू होतो, पण त्याला पुढचं वाक्यच सापडत नाही.

“पण हा मेलेला नाही,” असं म्हणून दादांनी बोर्डावरच्या बारीक पिनांना तीन वायरी लावल्या. एक पाठवायची, एक घ्यायची आणि एक ग्राउंड. दुसरं टोक ३.३ व्होल्टच्या छोट्या अडॅप्टरमधून कॉम्प्युटरला. डबा चालू केला आणि स्क्रीनवर अक्षरांच्या ओळी सरकायला लागल्या. चिपच्या सुरुवातीला बूटलोडर नावाचा एक छोटा भाग असतो. साध्या अपडेटमध्ये त्याला सहसा हात लागत नाही. तो शाबूत असेल तर त्याच्यामार्फत फर्मवेअर पुन्हा भरता येतं. बऱ्याच राउटरमध्ये हे काम डबा न उघडताही होतं: कॉम्प्युटरला ठरावीक आयपी पत्ता द्यायचा, केबल जोडायची, रिसेटचं बटण दाबून धरून डबा चालू करायचा आणि फाइल पाठवायची. बूटलोडरच गेला असेल तर मात्र चिपवर थेट लिहावं लागतं. ते दुकानाचंच काम.

दिवसभरात दादांनी एक आकडा किमान पाच वेळा उच्चारला. दहा मिनिटं. “अपडेट दोन-चार मिनिटांत होतं, ताई. पण दहा मिनिटं हात लावायचा नाही. दिवे विझतात, परत लागतात, लोकांना वाटतं अडकला, आणि प्लग ओढतात.” त्यांच्या मते लाईट गेली असं सांगणाऱ्यांपैकी काहींच्या घरी लाईट गेलेलीच नसते. मला ते पटलं, कारण अशा वेळी माझाही हात प्लगकडेच गेला असता.

सुरक्षित अपडेटची त्यांची पद्धत साधी आहे. राउटर मिनी यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर ठेवायचा. लॅपटॉप वायफायवर नाही, केबलनं जोडायचा. सेटिंगची बॅकअप फाइल उतरवून घ्यायची आणि इंटरनेट कंपनीनं दिलेलं युजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून ठेवायचं, कारण राउटर कोरा झाला तर त्याच्याशिवाय जोडणी होत नाही.

एका गोष्टीपाशी मात्र ते थांबले. राउटर उलटा करून खालचं स्टिकर दाखवलं. मॉडेलच्या नावाशेजारी बारीक अक्षरात हार्डवेअर व्हर्जन असतं. एकाच नावाच्या डब्यात व्हर्जन दोनला एक प्रोसेसर असू शकतो आणि व्हर्जन तीनला दुसराच. चुकीच्या व्हर्जनची फाइल बहुतेक राउटर नाकारतात, पण त्या भरवशावर राहायचं नाही. फाइल फक्त उत्पादकाच्या साइटवरून घ्यायची, झिप असेल तर उघडून आतली फाइल वापरायची. उत्पादकानं फाइलसोबत SHA256 चा आकडा दिला असेल, तर विंडोजवर एका ओळीत पडताळणी होते:

```
certutil -hashfile firmware.bin SHA256
```

समोर येणारी लांब ओळ साइटवरच्या ओळीशी अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी ती फाइल टाकून द्यायची आणि पुन्हा उतरवायची.

दुपारी ‘अपडेटनंतर स्लो’ या चिठ्ठीचे मालक आले. साठीच्या पुढचे काका, हातात पिशवी, चेहऱ्यावर वैताग. तीनशे एमबीपीएसचा प्लॅन, इतके दिवस मोबाइलवर २८० च्या आसपास यायचं, अपडेट केलं त्या संध्याकाळपासून ९४. “नव्या व्हर्जननं वाट लावली. मला जुनं टाकून द्या,” काका म्हणाले.

“किती म्हणालात?” दादांनी विचारलं.

“चौऱ्याण्णव. कधी त्र्याण्णव.”

“काका, केबल आणलीत का?”

काकांना प्रश्नाचा संबंध कळला नाही. मलाही नाही. फायबरच्या डब्यापासून राउटरपर्यंत येणारी केबल पिशवीत होती. दादांनी तिनं काकांचा राउटर टेबलावरच्या गिगाबिट स्विचला जोडला आणि राउटरचं स्टेटसचं पान उघडलं. वॅन पोर्टसमोर लिहिलं होतं, १०० एमबीपीएस. तिथं १००० हवं होतं.

९४ हा आकडा काय सांगतो ते मग त्यांनी समजावलं. केबलच्या दोन टोकांची उपकरणं जोडणी होताना आपसात वेग ठरवतात. हजारचा वेग जमायला केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा, चांगल्या लागतात. शंभरच्या वेगाला दोनच जोड्या पुरतात: एक, दोन, तीन आणि सहा नंबरच्या तारा. उरलेल्यांपैकी एक तार जरी नीट लागत नसेल, तर जोडणी बहुतेक वेळा शंभरवर येते आणि कुरकुर न करता चालत राहते. त्या शंभरातले सहा-सात माहितीच्या पाकिटांच्या वेष्टनात जातात. हातात उरतात ते त्र्याण्णव-चौऱ्याण्णव. फर्मवेअर बिघडून वेग घसरला, तर तो असा नेमक्या रेषेवर थांबत नाही. तो वरखाली होतो.

त्यांनी केबल टेस्टरला लावली. एकेक दिवा क्रमानं लागत गेला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सात लागला नाही. आठ लागला. दादांनी क्लिपजवळ केबल बोटानं किंचित वाकवली आणि सातचा दिवा लागला. सोडली, विझला.

“अपडेट करताना राउटर हलवला होता?”

काका थोडा वेळ गप्प राहिले. “खालचं स्टिकर वाचायला उचलला होता.”

काकांच्या चिडण्यात चूक काहीच नव्हती. अपडेट केलं आणि वेग पडला, मग बोट अपडेटकडेच जाणार. पण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जुनं व्हर्जन टाकलं असतं, तरी आकडा ९४ च राहिला असता. वर एक जोखमीचं अपडेट उगाच झालं असतं. दादांनी काकांना नवी केबल दिली आणि घरी गेल्यावर फोन करायला सांगितलं.

प्रत्येक वेळी केबल निघते असं नाही. दादांचा क्रम असा: आधी गिगाबिट पोर्ट असलेल्या लॅपटॉपवर तारेनं वेग मोजायचा. तारेवर पूर्ण आणि वायफायवर कमी आला, तर ५ गिगाहर्ट्झची चॅनल विड्थ बघायची. अपडेटमध्ये सेटिंग मूळपदावर गेली, तर ८० मेगाहर्ट्झची विड्थ कधी २० वर येते, आणि रुंदी चौथाई झाली की वेगही साधारण त्याच प्रमाणात खाली येतो.

तारेवरही कमी आला आणि आकडा सारखा हलत असला, तर राउटरचा प्रोसेसर बघायचा. घरच्या राउटरचा प्रोसेसर अशक्त असतो. बऱ्याच राउटरमध्ये पाकिटांची ने-आण तो स्वतः करत नाही, त्यासाठी चिपमध्येच वेगळी वाट असते. हार्डवेअर नॅट किंवा ऑफलोडिंग म्हणतात ते हेच. नव्या व्हर्जनमध्ये क्यूओएस, मुलांसाठीचं नियंत्रण किंवा ट्रॅफिकची मोजदाद सुरू झाली, की प्रत्येक पाकीट बघावं लागतं. मग अनेक मॉडेलांत ती वाट बंद होते आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. डाउनलोड चालू असताना प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकलेला दिसला, तर हे एकेक बंद करायचं आणि दर वेळी पुन्हा मोजायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कुणाचा ते कधीच कळत नाही.

एवढं करूनही वेग आला नाही, तरच मागचं व्हर्जन. त्याच हार्डवेअर व्हर्जनची आधीची फाइल टाकायची, मग फॅक्टरी रिसेट, आणि सेटिंग हातानं भरायची. नव्या व्हर्जनची बॅकअप फाइल जुन्यात घालायची नाही, दोन्हींची मांडणी वेगळी असू शकते. काही उत्पादक मागं जाऊच देत नाहीत. इंटरनेट कंपनीनं दिलेला राउटर असेल, तर फर्मवेअर बहुतेक वेळा तीच लांबून बदलते. तिथं आपल्या हातात तक्रार करणं एवढंच, पण तारेवर मोजलेला आकडा सांगितला तर तक्रार ऐकून घ्यावी लागते.

मागं जाणं शेवटचा उपाय का, यावर दादांचं आणि माझं एकमत आहे. २०१८ च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाचा घातक प्रोग्रॅम उघड झाला. किमान ५४ देशांतली सुमारे ५ लाख उपकरणं त्यानं बाधित केली होती. त्यात बहुतांश घरांतले आणि छोट्या कार्यालयांतले राउटर होते. अशा प्रोग्रॅमना आत शिरायला जुन्या फर्मवेअरमधली माहीत असलेली भोकंच उपयोगी पडतात. जुनं व्हर्जन टाकणं म्हणजे ती भोकं पुन्हा उघडणं. म्हणून मागं गेलात, तर पुढचं व्हर्जन आलं की लगेच ते टाकून बघायचं.

संध्याकाळी काकांचा फोन आला. दादांनी स्पीकर लावला. तारेनं २८७. व्हर्जन नवंच.

मी त्या रात्री माझं अपडेट केलं. आधी तारेनं वेग मोजला, तारीख आणि जुन्या व्हर्जनसह एका चिकटपट्टीवर लिहिला आणि ती पट्टी राउटरच्या वरच्या बाजूला लावली, म्हणजे पुन्हा उचलायला नको. तुम्ही अपडेट करणार असाल, तर निदान एवढा आकडा आधी लिहून ठेवा. आणि मग दहा मिनिटं हात लावू नका.