रसवंतीचं बेअरिंग आणि वाळूजची नोकरी

प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की कॉलेजच्या ग्रुपवर एक वर्ड फाइल फिरायला लागते. मागच्या बॅचच्या कुणी सीनियरने बनवलेली असते. ‘मी मेहनती आहे, टीम प्लेअर आहे, नवीन गोष्टी पटकन शिकतो, आपल्या नामांकित कंपनीत काम करण्याची संधी मिळाल्यास...’ नाव बदला, ब्रँच बदला, कंपनीचं नाव बदला, झालं पत्र तयार! घाईत काही जण कंपनीचं नाव बदलायचंच विसरतात, आणि मग वाळूजच्या कंपनीकडे शेंद्र्याच्या कंपनीचं कौतुक जातं.

आता पलीकडे बसलेल्या माणसाचा विचार करा. सकाळी ॲप्टिट्यूड, मग जीडी, आणि दुपारी समोर साठ-सत्तर मुलांचे सीव्ही. पत्र वाईट असतं म्हणून तो ते बाजूला ठेवत नाही. वरचं पत्र आणि खालचं पत्र यात त्याला फरकच दिसत नाही.

फरक पडतो तो एका तपशिलाने. एकाच, आणि अगदी नेमक्या. याचं आपल्याकडचं गाजलेलं उदाहरण म्हणजे सुधा मूर्ती यांचं पोस्टकार्ड. १९७४ साली त्या बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शेवटच्या वर्षाला होत्या. तिथल्या नोटीस बोर्डावर टेल्कोची जाहिरात लागली आणि तिच्यात महिला उमेदवारांनी अर्ज करू नये, असं लिहिलं होतं. त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड पाठवलं. ही गोष्ट आपण धाडसाची म्हणून ऐकतो, पण त्या कार्डातला मजकूर बघा. टाटांनी देशात काय काय सुरू केलं ते त्यांनी लिहिलं आणि त्यातच, मी शिकते ती संस्थाही टाटांनीच उभी केली, हे लिहिलं. मग अशा घराण्याची कंपनी स्त्री-पुरुष भेद कसा करते, असा प्रश्न! लिहिणारीचा आणि वाचणाऱ्याचा थेट संबंध जोडणारी ती ओळ दुसऱ्या कॉलेजच्या मुलीला लिहिताच आली नसती. थोड्याच दिवसांत पुण्याला मुलाखतीला बोलावणारी तार आली. तिथे मात्र प्रश्न विचारले गेले ते तांत्रिकच. कार्डाने दार उघडलं, नोकरी उत्तरांनी मिळवली.

पण आपल्याकडे टाटांना लिहिण्यासारखं काय आहे, असं वाटत असेल तर वेरूळला चला. समजा, तिथला एक मुलगा रोज एसटीने संभाजीनगरला येऊन मेकॅनिकलला शिकतोय. घरची रसवंती आहे. वाळूजमधली ऑटो पार्ट्स बनवणारी एक कंपनी मेंटेनन्स विभागासाठी ट्रेनी घ्यायला कॅम्पसवर येतेय. याने पत्रात काय लिहावं?

पहिला मोह होतो लेण्यांचा. ‘मी जागतिक वारसा असलेल्या वेरूळचा, कैलास लेणं वरून खाली कोरलंय, तशीच चिकाटी माझ्यात आहे.’ वाचायला छान, पण त्यातून या मुलाबद्दल काहीच कळत नाही. हे वाक्य वेरूळचं कुणीही पोरगं लिहील. दुसरा मोह कंपनीच्या वेबसाइटवरून ‘व्हिजन’ उचलण्याचा. ते तर निम्म्या वर्गाने आधीच उचललेलं असतं.

खरा तपशील रसवंतीत आहे. उसाच्या चरकाचं रोलरजवळचं बेअरिंग दर उन्हाळ्यात जायचं. ऐन गर्दीत मशीन बंद, मग शहरात पळा, नवीन आणा. एकदा जुनं बेअरिंग खोलल्यावर याला दिसलं, की आतलं ग्रीस दुधासारखं पांढरट झालंय आणि कडेला गंज आहे. म्हणजे आत पाणी जातंय. पाणी कुठून? रोज रात्री मशीन पाइप लावून धुतात तेव्हा फवारा थेट बेअरिंगवर बसतो. याने तिथे रबराची झडप लावली, त्या भागाला पाइपऐवजी ओल्या फडक्याने पुसायला सुरुवात केली आणि आठवड्यातून एकदा ग्रीस भरायचा वार ठरवला, मंगळवार. कारण मंगळवारी लेणी बंद असतात, गिऱ्हाईक कमी.

हे पत्रात चार ओळींत बसतं. खरं पत्र इंग्रजीत जाईल, मजकूर साधारण असा:

‘आमच्या रसवंतीच्या चरकाचं बेअरिंग एका उन्हाळ्यात दोनदा गेलं. जुन्या बेअरिंगमधलं ग्रीस पांढरट झालेलं दिसलं, त्यावरून धुण्याचं पाणी आत जात असल्याचं लक्षात आलं. झडप लावली, धुण्याची पद्धत बदलली आणि लेणी बंद असतात त्या मंगळवारी ग्रीस भरायचं ठरवलं. पुढच्या उन्हाळ्यात बेअरिंग बदलावं लागलं नाही. आपल्या मेंटेनन्स विभागात हेच काम मोठ्या मशीनवर शिकायचं आहे.’

मेंटेनन्सचा माणूस हे वाचून थांबणारच. बिघाड, पुरावा, कारण, उपाय आणि काम कमी असतं तेव्हा देखभाल, हे त्याचं रोजचं जगणं आहे. ‘प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सची आवड’ असं लिहिलं असतं तर त्याने पान उलटलं असतं.

बिघडतं कुठे, तर आकड्यांत. ‘ब्रेकडाउन शंभर टक्के कमी केले’ असं लिहायचा हात शिवशिवतो. एक मशीन आणि एकच सीझन, त्यात कसले टक्के? दोनदा गेलं होतं, मग गेलं नाही, एवढंच लिहा. इंटर्नशिपमधला तपशील घेत असाल तर तिथल्या ग्राहकाचं नाव किंवा ड्रॉइंगची माहिती पत्रात टाकू नका. दुसऱ्यांचं गुपित फोडणारा आपलंही फोडेल, हे समोरच्याला लगेच कळतं.

तपशील नेमका आहे का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. पत्रावरचं नाव झाकून ते बेंचवरच्या मित्राला द्या. ज्या ओळीखाली तो बिनधास्त स्वतःची सही करू शकतो, ती ओळ काढा. उरेल ते तुमचं. बऱ्याचदा दोनच ओळी उरतात, आणि तेवढ्या पुरतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. साठ टक्क्यांची अट असेल आणि तुमचे अठ्ठावन्न असतील, तर पत्र कुणी उघडतही नाही. ऑनलाइन टेस्टमध्ये गळालात तरी तेच. पत्राचं काम सुरू होतं ते चाळणीतून खाली उरलेल्या पोरांमध्ये, आणि मुख्य म्हणजे मुलाखतीच्या टेबलावर. कारण पत्रातली एकमेव वेगळी ओळ हाच बहुतेक वेळा पहिला प्रश्न असतो. त्यामुळे ज्यावर दहा मिनिटं बोलता येईल असाच तपशील निवडावा.

आपल्या वेरूळच्या गड्याला काय विचारतील? पाणीच गेलं कशावरून, रोलर तिरका बसला असेल तर? मग जुन्या बेअरिंगवरची झीज एका बाजूला जास्त होती का, हे त्याला आठवायला हवं. जुनं बेअरिंग जपून ठेवलं असेल तर सोबत न्यावं, खुशाल टेबलावर ठेवावं. आणि एखादा खवचट इंजिनिअर विचारेलच, ‘काय हो, ते ग्रीस रसात उतरलं असतं तर?’ खाण्याच्या यंत्रांसाठी फूड ग्रेड ग्रीस वेगळं मिळतं, हे माहीत असेल तर सांगावं. तेव्हा ते वापरलं नव्हतं, तर तेही सांगावं, आणि घरी गेल्यावर आधी तो डबा बदलावा.