गॅदरिंगसाठी लवकर निघताना

शाळांची स्नेहसंमेलनं बहुधा डिसेंबर-जानेवारीत येतात. अकाउंट्स विभागात तेव्हाही दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं असतंच. १९ तारखेला मुलीचा नाच असेल, तर साहेबांना खरी काळजी त्या रिटर्नची असते. म्हणून शाळेची चिठ्ठी येताच, निदान दोन-तीन दिवस आधी विचारावं.

‘उरलेलं काम करून टाकीन’ एवढ्यावर साहेबांना काहीच ठरवता येत नाही. कोणतं काम, किती उरलंय आणि कधी होईल, हे सांगावं: ‘सर, १९ला मुलीचं गॅदरिंग आहे, साडेतीनला निघू का? विक्रीची बिलं जुळवून झालीत. खरेदीची उरलीत, ती १८ला थांबून संपवते. रिटर्न २०ला सकाळी तुम्हाला तपासायला देते.’

रात्री घरून करीन, असं शक्यतो कबूल करू नये. कार्यक्रम हमखास लांबतो, शिवाय टॅली ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर असलं तर घरून काहीच होत नाही. भरपाईचं काम आदल्या दिवशीच उरकावं. निघताना फाइल कुठे आहे, ते शेजारच्या सहकाऱ्याला दाखवून ठेवावं.