टिनावर दगड ठेवले, तरी टिन उडतात का?



चैत्र-वैशाख तापला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दुपार कलताना आभाळ भरून येतं, धुळीचा लोट उठतो आणि अर्ध्या तासाचं वादळ कोठ्यावरचे टिन घेऊन जातं. घाटंजीकडच्या एका गावी असंच वादळ होऊन गेल्यावर आम्ही गेलो होतो. कोठ्याचे टिन शंभरेक हात दूर पऱ्हाटीच्या वावरात पडलेले. मालकाने विचारलं, “साहेब, दहा-बारा मोठे दगड ठेवले होते टिनावर. वारा तर आडवा होता, मग टिन वर कसे गेले?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर समजलं की कोठा कसा बांधायचा हेही समजतं.

आपल्या डोक्यावर हवेचा मोठा थर आहे आणि त्याला वजन आहे. आपल्या भागात दर चौरस फुटावर हवा सुमारे ९ क्विंटलचा दाब देते. एवढ्या भाराने टिन चेपत का नाहीत? कारण खालची हवाही तेवढ्याच दाबाने वर रेटत असते. दोन्हीकडचं माप सारखं, म्हणून टिन जागेवर राहतात. पण वरचा दाब थोडा जरी कमी झाला, तरी खालचा दाब टिनांना वर ढकलू लागतो. म्हणजे टिन वरून कोणी ओढून नेत नाही, तर ते खालून उचलले जातात.

वरचा दाब कमी कसा होतो? वारा कोठ्याच्या कडेवर आदळतो, त्याला सरळ जाता येत नाही, म्हणून तो कडेवरून उसळी मारून वेगाने पलीकडे जातो. ही उसळी टिनाला चिकटून जात नाही. कडेच्या लगेच मागे टिनावर एक पोकळीसारखी जागा राहते, तिथे हवा गरगर फिरते आणि दाब उतरतो. डास मारायचा हातपंप आठवा. औषधात बुडालेल्या नळीच्या तोंडावरून हवेचा झोत गेला की औषध आपोआप नळीतून वर चढतं. नळीच्या तोंडाशी दाब कमी झाला आणि डब्यातल्या हवेने औषध वर रेटलं. टिनाचंही तसंच होतं.

दाब सर्वांत जास्त उतरतो तो कडांना आणि चारही कोपऱ्यांना. म्हणून टिन नेहमी कोपऱ्याकडून सुटतात, मधून नाही. एक कोपरा उचलला की वारा त्याच्या खाली शिरतो आणि पुढचा टिन सोलल्यासारखा निघतो.

आता हिशेब करून पाहू. कोठा २० फूट लांब, १० फूट रुंद, म्हणजे छप्पर २०० चौरस फूट. तीन बाजूंनी भिंत, एक बाजू उघडी. वारा ताशी ९० किलोमीटर, आणि तोही उघड्या बाजूकडून. अशा वाऱ्यात छपरावरचा दाब दर १० चौरस फुटांना सरासरी २५ किलोने उतरतो. उघड्या बाजूने आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेर जायला वाट नसते. तो आत कोंडतो आणि खालून आणखी २५ किलोने रेटतो. दोन्ही मिळून ५० किलो. पूर्ण छपराला झाले १,००० किलो, म्हणजे १० क्विंटल.

आणि टिनाचं वजन किती? अर्धा मिलिमीटर जाडीचे टिन या छपराला एकूण क्विंटलभर भरतात. दहा-दहा किलोचे दहा दगड ठेवले तर आणखी एक क्विंटल. वर उचलणारे दहा, खाली दाबणारे दोन. दगड कमी पडले ते असे. शिवाय टिन उचलताच तेच दगड खाली बांधलेल्या जनावरांवर आणि माणसांवर कोसळतात. म्हणून टिनावर दगड, जुने टायर, लाकडं ठेवण्यावर भिस्त ठेवू नका.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्याला हाच कोठा फक्त अडीच क्विंटलने उचलला जातो. म्हणून दहा वर्षं टिकलेलं छप्पर एका दिवशी जातं. ३ जून २०२० रोजी कोकणात ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं, तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता. त्या वाऱ्यात आपल्या या कोठ्यावर १५ ते १८ क्विंटलचा जोर आला असता.

मग उपाय काय? वजन वाढवण्यापेक्षा टिन जमिनीशी बांधले पाहिजेत. टिन हुकांना, हूक आडव्या बल्लीला, बल्ली खांबाला आणि खांब जमिनीला. ही साखळी आहे, आणि साखळी तिच्या सगळ्यात कच्च्या कडीइतकीच पक्की.

पहिली कडी हुकांची. आपल्या कोठ्याला ८ टिन लागले असं धरा. प्रत्येक टिनाला दोन्ही टोकांना एक-एक असे १६ हूक लावले, तर टिनाचं वजन वजा जाता एका हुकावर ५०-६० किलोची ओढ येते, कोपऱ्याच्या हुकावर तिच्या दुप्पट-तिप्पट. त्याच छपराखाली चार बल्ल्या टाकून प्रत्येक टिनाला प्रत्येक बल्लीवर दोन हूक दिले, तर हूक ६४ होतात आणि ओढ १४ किलोवर येते. कडेला आणि कोपऱ्यांना आणखी जास्त द्या. खिळे ठोकू नका. खिळा जसा सरळ आत जातो, तसाच सरळ बाहेर येतो. बल्लीला खालून कवळणारा वाकडा हूक वापरा, तो टिनाच्या उंच घडीवर घ्या आणि नटाखाली रुंद वायसर टाका. वायसर नसेल तर हूक जागेवर राहतो आणि टिन फाटून निघून जातो.

दुसरी कडी बल्ली आणि खांबाची. तिथे नुसता खिळा नको. लोखंडी पट्टी किंवा जाड तारेचे आढे घालून बल्ली खांबाला आवळा.

तिसरी कडी जमिनीची, आणि आपल्याकडे तीच सगळ्यात कच्ची. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबापासून सुटते. पावसाळ्यात हलवता न येणारा खांब मे महिन्यात हाताने डुलतो, आणि वादळ नेमकं तेव्हाच येतं. म्हणून दीड फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा करून त्यात काँक्रीट भरा. खांबाच्या बुडाशी आडवी सळई टाका, म्हणजे तो काँक्रीटमधून उपसून येणार नाही. असा एक गोळा जवळपास ३ क्विंटलचा होतो. सहा खांबांना १८ क्विंटल, आणि हे वजन डोक्यावर नाही, पायाशी आहे.

छपराची वळचण भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त काढू नका. तिला वारा खालूनही उचलतो. उघड्या बाजूला झडप किंवा तट्टे लावून वादळात ती बंद करता आली, तर दहा क्विंटलचा जोर सहा-साडेसहावर येतो. तट्टा मात्र पक्का बांधलेला हवा.

होळी झाली की एकदा छपराकडे नीट पाहा. साध्या वाऱ्यात टिन खडखडत असेल, हुकाचं भोक लांबट झालं असेल, वायसर हाताने फिरत असेल किंवा खांब डुलत असेल, तर त्या कडीची दुरुस्ती आधी करा.

आणि वादळ सुरू झाल्यावर टिन धरायला वर चढू नका, दोर धरून लोंबकळू नका. दहा क्विंटलपुढे माणसाच्या वजनाचा काय पाड? जनावरं सोडा आणि पक्क्या घरात जा. टिन पुन्हा घेता येतात.