निवृत्तीच्या पुंजीत सोनं किती?

पगारदार नोकरांच्या एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी निवृत्तीला टेकलेल्या सभासदांना सांगितलं, “सोनं ठेवा, पण दहा टक्क्यांपुरतंच. आणि दागिना म्हणजे बचत समजू नका.”

त्यांनी फळ्यावर हिशेबच मांडला. वीस लाखांच्या पुंजीतले २ लाख दागिन्यात घातले, घडणावळ १२ टक्के आणि वर ३ टक्के जीएसटी धरला, तर हाती सोनं येतं जेमतेम १ लाख ७३ हजारांचं. मोडताना घडणावळही परत मिळत नाही आणि करही. त्यापेक्षा गोल्ड ईटीएफ बरा: घडणावळ नाही, लॉकर नाही, लागेल तेवढंच विकता येतं. त्यासाठी डीमॅट खातं मात्र लागतं.

मला त्यांचा पुढचा मुद्दा अधिक मोलाचा वाटला. सोनं महिन्याचं व्याज देत नाही, त्यामुळे घरखर्च ठेवींवरच चालायला हवा. भाव चढून सोनं ३ लाखांचं झालं आणि ठेवी १८ लाखच राहिल्या, तर ९० हजारांचं विकून ठेवीत टाकावं. भाव पडतोही, २०१३ नंतर तो काही वर्षं रेंगाळला होता. म्हणून पुढच्या दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा सोन्यात अडकवू नका.