फोटोचं कोळशाचित्र : शब्दांत सांगायचं कसं?

हल्ली मोबाइलवर फोटो घालून खाली चार ओळी लिहिल्या की त्याचं चित्र तयार होऊन येतं. पण नुसतं ‘स्केच करा’ लिहिलं, तर बहुधा मेणाच्या बाहुलीसारखा गुळगुळीत चेहरा हाती येतो. हाताने काढलेलं चित्र कसं दिसतं ते नीट सांगावं लागतं.

समजा, आजेसासूबाईंचा एकच फोटो घरात आहे. डोक्यावर पदर, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू.

आधी पेन्सिल की कोळसा ते ठरवा. पेन्सिल कितीही दाबली तरी गडद राखाडीच राहते, वर थोडी चमकतेही. कोळसा मखमलीसारखा काळा होतो, चमकत नाही. पदराखालची सावली हवी असेल तर इथे कोळसाच बरा.

मग कागद. खरखरीत कागदाच्या उंचवट्यांनाच कोळसा लागतो, खळग्यांत पांढरे ठिपके राहतात. हा दाणा गालाच्या, पदराच्या मधल्या छटेत उठून दिसतो. जिथे कोळसा दाबून भरलाय तिथे तो बुजतो आणि कोऱ्या जागी जेमतेम दिसतो. सगळीकडे चाळणी ठेवल्यासारखा सारखाच दाणा आला, तर खुशाल नकली समजा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते पुसण्यात. चित्रकार बोटाने किंवा कागदाच्या घट्ट सुरळीने कोळसा पसरवतो, पण तो गालाच्या सावलीत, हनुवटीखाली. पापण्या, नाकपुड्या, ओठांची मधली रेघ तो पुसत नाही. हे लिहिलं नाही, तर सगळा चेहराच धुकट होतो.

शेवटी उजेड-अंधार. पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. तो नथीच्या मोत्याला आणि नाकाच्या शेंड्याला पुरे. पूर्ण काळं फक्त बुबुळात आणि पदराच्या आत. रंगीत फोटोतलं लाल कुंकू फिकट होऊ नये म्हणून त्याची छटाही सांगावी.

म्हणजे लिहायचं ते असं : ‘खरखरीत कागदावर कोळशाचं चित्र. दाणा मधल्या छटेत दिसावा, गडद भागात बुजावा. गालाची सावली बोटाने पुसलेली, डोळे-ओठांच्या रेघा स्पष्ट. मोती कोऱ्या कागदाचा, कुंकू गडद राखाडी. सुरकुत्या आणि नाकाचा आकार आहे तसाच.’

शेवटचं वाक्य विसरू नका हं! ही साधनं म्हाताऱ्या बाईला पुष्कळदा तरुण करतात. चित्र आलं की मूळ फोटोशेजारी ठेवून, आजींना पाहिलेल्या कुणाला तरी दाखवा. फोटोत एखादा डोळाच पुसट असेल, तर साधन मनाने दुसराच डोळा काढतं. तेव्हा ‘ती बाजू सावलीत ठेवा’ असं लिहिलेलं बरं.