क्रियापदानंतरचा सूर

एकांकिका स्पर्धेचा निकाल जाहीर करताना निवेदक कधी सरळ बोलत नाही. ‘आणि यंदाचा फिरता चषक पटकावला आहे…’ इथे तो थांबतो, ‘आहे’ला सूर खाली येऊ देत नाही, आणि मग सगळी ताकद लावून म्हणतो, ‘सोलापूरच्या संघानं!’ नेहमीच्या बोलण्यात आपण ‘सोलापूरच्या संघानं चषक पटकावला’ असंच म्हणू. निवेदकानं कर्ता उचलून क्रियापदाच्या पलीकडे नेऊन ठेवला. व्याकरणाची काहीच हरकत नाही, कारण ‘संघानं’मधला ‘नं’ कर्त्याची ओळख सांगायला समर्थ आहे. पण हेच शब्द मध्ये न थांबता, ‘पटकावला’नंतर सूर खालीच ठेवून म्हणून पाहा. सोलापूरची बातमी आधीच सगळ्यांना ठाऊक आहे आणि बोलणारा ती नुसती घोळवतोय, असं वाटू लागतं.

मराठीत शब्द हलवायला मुभा आहे. मात्र ते हलवले की सुरालाही त्यांच्यामागून हलावं लागतं, आणि सुराला एवढी मुभा नसते.

एक साधं वाक्य घेऊ: ‘मनूने मामाला लिंबं नेली.’ वाक्य बाळबोध आहे, पण ते मुद्दाम निवडलंय. आवाजाचा चढउतार मोजणाऱ्यांना म, न, ल असे घुमणारे वर्ण हवे असतात. प, त, क उच्चारताना स्वरतंतूंचं कंपन क्षणभर थांबतं आणि संगणकावरची सुराची रेघ तिथे तुटते. ॲमस्टरडॅमच्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेल्या ‘प्राट’ या मोफत प्रणालीत अशी रेघ कुणालाही पाहता येते. नवखा माणूस मात्र ‘प’साठी ओठ मिटल्यावर पडलेली पोकळी पाहून तिलाच विराम समजतो.

कुणी ‘काय झालं?’ असं विचारलं आणि उत्तरादाखल हे वाक्य आलं, तर त्याचे तीन तुकडे ऐकू येतात. ‘मनूने’ खालून सुरू होऊन शेवटाकडे चढतं. ‘मामाला’ही तसंच चढतं, पण थोड्या खालच्या पट्टीत. ‘लिंबं नेली’ हे दोन शब्द मात्र एकाच तुकड्यात जातात आणि ‘नेली’वर सूर उतरतो. कर्म आणि क्रियापद व्याकरणात जवळचे, म्हणून सुरातही ते सहसा एकत्र राहतात. या लहान तुकड्यांचा मिळून एक मोठा सुरखंड होतो आणि साधारणपणे एका उपवाक्याला असा एक खंड येतो. खंड संपला की शेवटचं अक्षर लांबतं, आणि पुढचा खंड पुन्हा वरच्या पट्टीत सुरू होतो. मध्ये शांतता असेलच असं नाही. सीमा ओळखायची ती लांबलेल्या अक्षरावरून आणि पट्टी बदलण्यावरून.

आता प्रश्न बदलू. ‘मामाला लिंबं नेली कुणी?’ उत्तर: ‘मनूने नेली मामाला लिंबं.’ सगळा चढउतार ‘मनूने’वर होतो. ‘नेली’पासून पुढे सूर जवळजवळ सपाट राहतो, ‘मामाला’ला आपला वेगळा चढ मिळत नाही. मामा आणि लिंबं प्रश्नातच येऊन गेलेत, त्यांना शेपटीसारखं मागे ओढत न्यायचं असतं. याच उत्तरात ‘लिंबं’ला जोरात चढवलं, तर ऐकणारा गोंधळतो: विचारलं काय आणि हा सांगतोय काय!

हिंदीत हे प्रयोगशाळेत तपासलं गेलंय. उमेश पाटील, कारोलिन फेरी, श्रवण वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शब्दक्रम आणि भर बदलून हिंदी वाक्यं बोलून घेतली होती. ज्या शब्दावर भर, त्याच्या पुढच्या शब्दांचा चढउतार आक्रसतो, असं त्यात आढळलं. क्रियापदानंतर आलेल्या शब्दांपुढे म्हणजे दोनच वाटा उरतात. ते जुनं, सांगून झालेलं असेल तर त्यांनी क्रियापदाच्या खंडातच सपाट व्हायचं. ते नवं असेल तर क्रियापदापाशी सीमा पाडून त्यांना स्वतंत्र खंड द्यायचा, निवेदकानं सोलापूरला दिला तसा. लिहिलेल्या मजकुरात हा फरक दिसत नाही. नवं पान हातात आलेला नट पहिल्या वाचनात बऱ्याचदा अडखळतो तो अशाच वाक्यांपाशी.

व्याकरणातली जवळीक सुरात उतरते याचं सोपं उदाहरण म्हणजे ‘जुनी पुस्तकं आणि मासिकं’. रद्दीवाल्याला मासिकंही जुनीच द्यायची असतील, तर ‘पुस्तकं आणि मासिकं’ एका दमात येतात आणि ‘जुनी’ किंचित लांबतं. मासिकं कोरी असतील, तर ‘पुस्तकं’चा शेवट लांबतो आणि ‘आणि’पाशी नवा तुकडा सुरू होतो. इथे वाक्यरचना आणि सूर अगदी हातात हात घालून चालतात.

ते नेहमीच तसे चालत नाहीत. ‘त्यांनी सांगितलं की, उद्या पाणी येणार नाही.’ मराठी वर्तमानपत्रांत ‘की’नंतरचा हा स्वल्पविराम सर्रास दिसतो. व्याकरणाच्या हिशेबानं ‘की’ पुढच्या उपवाक्याचं दार आहे, त्यामुळे विराम हवाच असेल तर तो ‘की’च्या आधी यायला हवा. काटेकोर मुद्रितशोधक म्हणूनच हा स्वल्पविराम उडवतात. पण बोलताना लोक खरोखरच ‘सांगितलं की’ असं जोडून म्हणतात, ‘की’ लांबवतात आणि मग पुढे जातात. ‘च’, ‘ही’, ‘ना’, ‘तर’ आणि ‘वर’, ‘साठी’सारखी शब्दयोगी अव्ययं अशी मराठीतली बहुतेक छोटी पदं आधीच्या शब्दाच्या खांद्यावर मान टाकतात. ‘की’नंही तीच सवय उचलली, असं म्हणायला जागा आहे. ‘तो येणार नाही असं त्यांनी सांगितलं’ या उलट्या रचनेत ‘असं’ही मागच्या उपवाक्यालाच चिकटतं आणि सीमा त्याच्यानंतर पडते.

मात्र हा काही पक्का कायदा नव्हे. ‘वाटलं की येईल’ इतकं छोटं वाक्य एका खंडात संपतं, त्यात ‘की’पाशी कुणी रेंगाळत नाही. लांबी आणि वेग हे दोन घटक व्याकरणाचं गणित नेहमी बदलत राहतात. ‘मी’ हा कर्ता पुढच्या शब्दात मिसळून जातो, पण ‘आमच्या वाड्यातल्या थोरल्या काकूंनी’ म्हटलं की तिथे तुकडा पाडावाच लागतो.

हे सगळं बिघडलं म्हणजे काय होतं ते सुटे तुकडे जोडून केलेल्या घोषणांत ऐकू येतं. ‘फलाट क्रमांक’, ‘दोन’ आणि ‘वर’ वेगवेगळे नोंदवून सांधले, तर ‘दोन’ एखाद्या यादीतल्या शेवटच्या आकड्यासारखा सूर उतरवून संपतो आणि ‘वर’ला टेकायला खांदाच उरत नाही. शब्द बरोबर असतात, क्रमही बरोबर असतो, तरी ‘वर’ कुणाचा हे ठरवायला कानाला क्षणभर थांबावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे ‘एकवर’, ‘दोनवर’, ‘तीनवर’ असे अखंड उच्चार नोंदवायचे, तेही वाक्याच्या मध्ये येतात तशा चढत्या सुरात.